टीव्हीमागचा खोल सॉकेट आणि भिंतीतली वायर

प्रश्न: जुळे सोलापुरात आमचा २ बीएचके फ्लॅट आहे. हॉलमध्ये ४३ इंची टीव्ही भिंतीला अगदी चिकटून बसणाऱ्या ब्रॅकेटवर लावलाय. भिंत ६ इंची विटांची आहे. स्विचबोर्ड टीव्हीच्या खाली, जमिनीपासून दीड फुटावर, टीव्हीच्या मध्यापासून फूटभर डावीकडे आहे. टीव्हीची काळी वायर खाली लोंबते, ती वाईट दिसते. भिंत थोडी फोडून तीच वायर आत घालायची आणि वरून गिलावा मारायचा, असं एक जण सुचवतोय. चालेल का? आणि टीव्हीच्या मागे सॉकेट घेतला तर प्लग भिंतीला अडून टीव्ही बाहेर येतो म्हणतात, त्याचं काय करायचं?

उत्तर:

टीव्हीची वायर भिंतीत पुरू नका. लवकर होणारं काम म्हणून ते सुचवलं जातं, पण ती दोरवायर उघड्यावर, हवेत, डोळ्यांसमोर राहण्यासाठी बनवलेली असते. तिच्या आतली तांब्याची तार सहसा ०.५ किंवा ०.७५ चौरस मिमी असते. वरचं प्लॅस्टिक वाकायला मऊ ठेवलेलं असतं, सिमेंटच्या मालात वर्षानुवर्षं दाबून राहण्यासाठी ते नसतं. शिवाय प्लग भिंतीत खोदलेल्या झिरीतून जात नाही म्हणून तो कापला जातो, वायर घातली जाते आणि नंतर जोड मारला जातो. हा जोड गिलाव्याच्या आत गेला की तो ढिला झाला, तापला, तरी कुणाला दिसत नाही. उद्या टीव्ही बदलला तर भिंत पुन्हा फोडावी लागते. आणि पुढेमागे कुणी तिथे फोटोसाठी खिळा ठोकला, तर खिळा आणि फेज यांच्यामध्ये मिलिमीटरभर प्लॅस्टिक एवढंच संरक्षण उरतं.

इंटरनेटवर जे अमेरिकन व्हिडिओ दिसतात, त्यात टीव्हीमागे एक खोलगट सॉकेट, खाली दुसरा खोलगट बॉक्स आणि दोघांना जोडणारी ‘भिंतीत चालणारी’ केबल असा संच असतो. तिथेही टीव्हीची स्वतःची वायर भिंतीत घालायला मनाई आहे, म्हणून तर तो संच निघाला. पण तिथली भिंत लाकडी फळ्यांवर जिप्समचे पत्रे ठोकलेली, आतून पोकळ असते. त्या पोकळीत वेगळं आवरण असलेली केबल नुसती सोडता येते. आपल्या विटांच्या भिंतीत पोकळी नसते. त्यामुळे आपल्याकडे भिंतीत चालणारी वायर म्हणजे एकटी केबल नव्हे, तर पीव्हीसी पाइप आणि त्यात ओढलेल्या तीन सुट्या एफआर, म्हणजे सहज पेट न घेणाऱ्या वायरी, अशी जोडी. पाइप वायरींना मालापासून वाचवतो, आणि वायर खराब झाली तर भिंत न फोडता ती ओढून काढून नवी घालता येते. तुम्ही हेच करा: खालच्या बोर्डातून सरळ वर एक पाइप, आणि वर टीव्हीमागे कोनाड्यासारखा आत बसवलेला सॉकेट.

तुमचं नशीब चांगलं आहे, कारण बोर्ड टीव्हीच्या रुंदीच्या आतच आहे. पाइप बोर्डाच्या बरोबर वर, ओळंब्यात न्यायचा. एकही आडवी झिरी लागत नाही. याला महत्त्व आहे. भार घेणाऱ्या विटांच्या भिंतीत उभी झिरी जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नसावी आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा, असा बांधकामातला नियम आहे. ६ इंची भिंतीत उभ्या झिरीला सुमारे ५० मिमी मिळतात, आडवीला फक्त २५, आणि २५ मिमीत पाइप आणि वरचं आवरण नीट बसत नाही. शिवाय बोर्डाच्या सरळ वर वायर असणार, हे कुणीही वायरमन धरून चालतो. तिरपा पाइप टाकून चार इंच वाचवणारा माणूस पुढच्या ड्रिल मारणाऱ्याला फसवत असतो.

आधी भिंत ओळखा. जिथे कोनाडा आणि झिरी यायची तिथे बारीक ड्रिलने २०-२५ मिमी खोल एक भोक पाडून पाहा. लालसर भुकटी आली तर भाजलेली वीट, करडी आणि मऊ आली तर फ्लाय अ‍ॅशची वीट किंवा हलका ब्लॉक. ड्रिल अडखळलं, टणटण आवाज आला आणि करड्या भुकटीत खडीचे कण आले तर ते काँक्रीट आहे, म्हणजे कॉलम किंवा बीम. तिथे काम थांबवा आणि जागा सरकवा. कॉलमला झिरी मारायची नाही, अर्धा इंचही नाही. भिंतीच्या पलीकडे काय आहे तेही पाहा. पलीकडे बाथरूम असेल आणि भिंतीला ओल दिसत असेल, तर आधी ओल बंद करा, मग हे काम. (जुन्या गावठाणात किंवा माळवदाच्या घरात दगड-मातीची भिंत असेल तर मात्र झिरीच्या नादी लागू नये. तिथे माल धरत नाही आणि भिंत ढासळते. वरून केसिंग पट्टी लावावी, दिसायला कमी पण काम पक्कं.)

आता प्लग अडण्याचा प्रश्न. हा अंदाजाने सोडवायचा नाही, पट्टी घेऊन मोजायचा. तीन मापं लागतात. एक, टीव्ही ब्रॅकेटवर असताना भिंत आणि टीव्हीच्या पाठीमधलं अंतर, तेही सॉकेट जिथे येणार तिथलं. दोन, प्लग सॉकेटमध्ये पूर्ण घातल्यावर त्याचं बूड प्लेटपासून किती बाहेर राहतं. तीन, बुडातून निघालेली वायर न मोडता वळायला किती जागा घेते. समजा अंतर २५ मिमी आहे, प्लग ४० मिमी बाहेर राहतो आणि वायरीचं वळण १५ मिमी घेतं. म्हणजे ५५ मिमी हवेत आणि २५ आहेत. उरलेले ३० मिमी सॉकेटची प्लेट भिंतीच्या पृष्ठभागापासून आत गेली पाहिजे. वायर प्लगच्या बाजूने निघत असेल तर तिसरं माप जवळजवळ शून्य होतं आणि १५ मिमीचा कोनाडाही पुरतो. तुमचा प्लग हातात धरून बघा, मग ठरवा.

३० मिमी आत प्लेट, तिच्यामागे ५० मिमी खोल मेटल बॉक्स, म्हणजे एकूण ८० मिमी खोली. तुमची भिंत गिलाव्यासकट साधारण १७५ मिमी असेल, तर मागे ९५ मिमी उरतात. एवढ्याशा चौकोनासाठी ते पुरेसं आहे. हीच भिंत साडेचार इंची असती तर गिलाव्यासकट १४० मिमीतून ८० काढल्यावर ६० उरले असते, आणि छिन्नीच्या ठोक्यांनी पलीकडच्या खोलीचा गिलावा फुगून सुटला असता. अशा पातळ भिंतीत कोनाडा करू नये. बॉक्स नेहमीसारखा भिंतीच्या पातळीत बसवावा आणि ब्रॅकेट ६०-७० मिमी अंतर ठेवणारा घ्यावा.

कोनाड्याची जागा टीव्हीच्या मागच्या आकारावरून ठरते, आणि सगळ्यात जास्त चूक इथेच होते. एलईडी टीव्हीचा खालचा भाग जाड असतो, कारण सर्किट आणि स्पीकर तिथे असतात. वरचा भाग आणि दोन्ही कडा पातळ असतात. सॉकेट जाड भागामागे आला तर मोजलेले २५ मिमी तिथे नसतातच, टीव्ही प्लगवर रेलतो, आणि काही महिन्यांत प्लगच्या पिना वाकून संपर्क ढिला होतो. ब्रॅकेटच्या पट्टीमागेही तो येऊ नये.

तुमच्या घरातली आकडेमोड अशी. टीव्हीचा मध्य जमिनीपासून ११०० मिमीवर धरला आणि उंची सुमारे ५६० मिमी असली, तर खालची कड ८२० वर आणि वरची १३८० वर येते. रुंदी सुमारे ९६० मिमी, म्हणजे मध्यापासून डावी कड ४८० वर. ब्रॅकेटची पट्टी मध्यापासून २०० ते २२० मिमीपर्यंत पसरते. तुमचा बोर्ड मध्यापासून ३०० मिमीवर आहे. मग कोनाड्याचा मध्यही ३०० मिमीवर आणि जमिनीपासून १२०० मिमी उंच घ्या. तीन मॉड्युलचा बॉक्स साधारण ११० मिमी रुंद, तेव्हा तो २४५ ते ३५५ च्या मध्ये बसतो, ब्रॅकेटपासून २५ मिमी दूर आणि टीव्हीच्या कडेपासून पुरेसा आत. कोनाड्याचं तोंड बॉक्सपेक्षा मोठं ठेवा, म्हणजे प्लग घालताना बोटं आत जातील: १७० मिमी रुंद आणि १४० मिमी उंच. मोठं तोंड ब्रॅकेटच्या बाजूला जात असेल तर जास्तीची जागा डावीकडे सरकवा. मापं भिंतीवर काढून झाली की वर्तमानपत्राचा टीव्हीएवढा कागद त्याच जागी चिकटवून कोनाडा त्याच्या कडेबाहेर डोकावत नाही ना, हे दारातून आणि सोफ्यावरून पाहा.

वरच्या सॉकेटला स्विच लावायचा नाही. टीव्हीमागे हात पोहोचत नाही, मग तिथे बंद-चालू करणार कोण? स्विच खालच्या बोर्डावरच राहील. जळका वास आला तर उभ्या उभ्या बंद करता येईल अशी जागा तीच. म्हणून वर फक्त ६ अ‍ॅम्पिअरचा तीन पिनी सॉकेट, शटरवाला, आयएसआय खुणेचा. तीन मॉड्युलची प्लेट असेल तर उरलेल्या जागी कोरी पट्टी. एक्स्टेन्शन बोर्ड, स्टॅबिलायझर किंवा स्पाइक गार्ड कोनाड्यात कोंबू नका. स्पाइक गार्डमधला भाग व्होल्टेजच्या लाटा झेलून झेलून झिजतो, कधी तापतो, आणि तो बदलता आला पाहिजे. लाइट गेल्या-आल्याची काळजी असेल तर तो खाली बोर्डापाशी ठेवा. सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टरही खालीच.

सामान थोडंच लागतं. १.५ चौरस मिमी तांब्याची एफआर वायर लाल, काळी आणि हिरवी, प्रत्येकी सव्वा मीटर. २५ मिमी पीव्हीसी पाइप, मीडियम जाडीचा, एक मीटर. तीन मॉड्युलचा मेटल बॉक्स, फ्रेम-प्लेट आणि सॉकेट. पाइप बॉक्सला जोडायला अडॅप्टर किंवा बुश, पाइपाचं सोल्युशन, थोडी कोंबडी जाळी, सिमेंट आणि चाळलेली वाळू. टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स मिळून १४० वॅटच्या आसपास धरले तर २३० व्होल्टला अर्ध्या अ‍ॅम्पिअरपेक्षा थोडा जास्त प्रवाह होतो. म्हणजे १.५ ची वायर तापण्याचा प्रश्नच नाही. तरी पातळ वायर घेऊ नये, कारण सॉकेट ६ अ‍ॅम्पिअरचा आहे आणि उद्या तिथे काय लागेल ते आज सांगता येत नाही. हिरवी वायरही १.५ चीच घ्या. टीव्हीचा प्लग दोन पिनी आहे म्हणून अर्थिंग लागत नाही, असं ऐकायला मिळतं. पण अर्थिंग टीव्हीसाठी नाही, सॉकेटसाठी आणि मेटल बॉक्ससाठी आहे. फेजची वायर बॉक्सच्या पत्र्याला चिकटली, तर अर्थिंग असेल तरच एमसीबी किंवा वीजगळती होताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी पडेल. नसेल तर पत्रा ‘जिवंत’ राहील.

कामाच्या दिवशी त्या खोलीचा एमसीबी नव्हे, मुख्य स्विच बंद करा आणि बोर्ड उघडून मल्टिमीटरने पुरवठा गेल्याची खात्री करा. नुसत्या निऑन टेस्टरवर विसंबू नका. तो शेजारच्या वायरीच्या प्रभावानेही मिणमिणतो, आणि दिवा बिघडला असेल तर फेज असतानाही पेटत नाही. मल्टिमीटर आधी चालू सॉकेटवर तपासा, मग बंद बोर्डावर, मग पुन्हा चालू सॉकेटवर. मुख्य स्विच बंद आहे म्हणून कटरसाठी आणि या तपासणीसाठी शेजारून लाइन घ्यावी लागेल, तिला आरसीसीबी असल्याची खात्री करा.

टीव्ही उतरवा. ब्रॅकेटची भोकं नव्याने पाडायची असतील तर ती आधी पाडा, झिरी भरल्यानंतर नको. ओल्या मालाशेजारी हॅमर ड्रिल चाललं की माल विटेपासून सुटतो आणि पुढे तिथेच चीर उमटते. मग कटरने दोन समांतर रेषा मारा, ३५ मिमी अंतराने आणि ४० मिमी खोल, आणि मधला भाग छिन्नीने काढा. छिन्नी सरळ न मारता तिरपी धरा, म्हणजे विटेचा तुकडा निघतो आणि ठोका पलीकडे जात नाही. धूळ फार उडते. पाण्याची बाटली घेऊन दुसऱ्या माणसाने शिंपडत राहावं, पण कटरच्या मोटारीवर नाही. मास्क लावा. टीव्ही दुसऱ्या खोलीत आणि पंखा बंद.

पाइप झिरीत बसवल्यावर त्याच्या बाहेरच्या कडेपासून भिंतीच्या पृष्ठभागापर्यंत १२ ते १५ मिमी जागा राहिली पाहिजे. याहून कमी राहिली की त्या रेषेवर चीर हमखास येते, मग गवंडी कितीही चांगला असो. पाइपाच्या दोन्ही बाजूंना खिळे मारून तारेने आवळा. पाइप बॉक्सच्या भोकात नुसता खुपसून सोडू नका. त्या पत्र्याची कड ब्लेडसारखी असते, आणि वायर ओढताना तिच्यावरून घासली की इन्सुलेशनवर लांब ओरखडा उठतो, जो बाहेरून दिसतही नाही. अडॅप्टर किंवा रबरी बुश लावल्याशिवाय वायर ओढायची नाही. बॉक्स पाणसळीने सरळ करा, त्याचे स्क्रूचे कान भिंतीच्या पृष्ठभागापासून बरोबर ३० मिमी आत आलेत का ते पट्टीने तपासा, आणि तोंडात वर्तमानपत्राचा बोळा घाला म्हणजे माल आत शिरणार नाही.

माल भरण्याआधी एक काम करा. झिरीशेजारी मोजपट्टी उभी धरून फोटो काढा, त्यात बोर्ड, पाइप आणि कोनाडा तिन्ही यावेत. पाच वर्षांनी कुणी शोकेस ठोकायला आला की हा फोटो उपयोगी पडतो.

आता सोलापूरच्या हवेचा मुद्दा. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या पुढे असतो आणि वीट कोरडी ठाक असते. अशा विटेवर माल लावला की ती दहा मिनिटांत त्यातलं पाणी शोषून घेते. सिमेंटला जमायला पाणीच उरत नाही, आणि महिन्याभरात झिरी भुसभुशीत होऊन बोटाने पावडर निघते. म्हणून झिरी आदल्या संध्याकाळी आणि भरण्याच्या अर्धा तास आधी भिजवा. वीट ओली दिसावी, पाणी साचू नये. माल एकास चार, घट्टसर. पहिला थर पाइप झाकेपर्यंत, तो बसला की वर दोन्ही बाजूंना ५० मिमी पसरेल अशी कोंबडी जाळी आणि मग शेवटचा थर भिंतीच्या पातळीला. जाळी नीट बसावी म्हणून झिरीच्या दोन्ही कडांचा गिलावा थोडा खरवडून घ्यावा लागतो. पुढचे तीन दिवस तरी सकाळ-संध्याकाळ पाणी मारा. कोनाड्याच्या बाजू त्याच मालाने सरळ करून घ्या आणि रंग लावण्याआधी पुट्टीने गुळगुळीत करा. वायर ओढायची घाई नको. पाइप आतून कोरडा आणि माल कडक झाल्यावर, म्हणजे तीन-चार दिवसांनी ओढा.

वायर ओढायला ७०० मिमी पाइप म्हणजे काही नाही, स्टीलची स्प्रिंगही लागत नाही, पण तिन्ही वायरी एकत्र बांधून एकदमच ओढा. एकामागून एक घातल्या तर आतली वायर दुसरीला घासते. पाइपात जोड मारायचा नाही. दोन्ही टोकांना २०० मिमी वायर बॉक्समध्ये मोकळी ठेवा. आखूड ठेवली की सॉकेट बाहेर काढून स्क्रू कसता येत नाही.

इन्सुलेशन १० मिमी सोला. १.५ ची एफआर वायर बारीक तारांच्या गुच्छाची असते. एक-दोन तारा बाहेर राहिल्या की त्या शेजारच्या टर्मिनलला किंवा पत्र्याला टेकतात. तारा पिळून घ्या, टोक एकदा दुमडून दुहेरी करा आणि मग टर्मिनलमध्ये घालून स्क्रू कसा. स्क्रूच्या खाली तांबंच आलं पाहिजे, प्लॅस्टिक नाही. कसल्यावर प्रत्येक वायर बोटांनी जोरात ओढून पाहा. निसटली तर परत. सॉकेटकडे तोंड करून पाहिलं की वर अर्थिंगचं मोठं भोक, खाली उजवीकडे फेज आणि डावीकडे न्यूट्रल. हिरवी वायर सॉकेटच्या वरच्या टर्मिनलला आणि तिथूनच एक छोटा तुकडा मेटल बॉक्सच्या स्क्रूला.

खालच्या बोर्डात लाल वायर स्विचमधून वीज बाहेर पडते त्या टोकाला जाते. मोकळा स्विच असेल तर टीव्हीला तो स्वतंत्र द्या. नसेल तर खालच्या सॉकेटच्या स्विचमधूनच वर न्या, मग टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स एकत्र बंद-चालू होतील, त्यात काही बिघडत नाही. काळी त्याच बोर्डाच्या न्यूट्रलला, हिरवी त्याच बोर्डाच्या अर्थिंगला. ‘त्याच’ हा शब्द मुद्दाम. फेज एका सर्किटची आणि न्यूट्रल जवळ पडतो म्हणून दुसऱ्या सर्किटचा उचलला, की टीव्ही चालतो, पण घरात प्रत्येक सर्किटला वेगळा आरसीसीबी असेल तर तो लगेच पडतो. तो न्यूट्रल इन्व्हर्टरच्या सर्किटचा असेल तर लाइट गेल्यावर घोळ होतो. ‘नवा सॉकेट घेतल्यापासून आरसीसीबी पडतो’ अशी तक्रार आली की सगळ्यात आधी हाच उसना न्यूट्रल शोधावा.

वीज चालू करण्याआधी, प्लग न लावता, वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ तपासून घ्या. या तपासणीत न्यूट्रल सर्किटपासून सुटा केलेला असला पाहिजे, नाहीतर घरातला बाकीचा सगळा न्यूट्रल मोजला जातो. नव्या वायरीला रीडिंग कित्येक मेगोहम यायला हवं. एक मेगोहमच्या खाली आलं तर वायर कुठेतरी सोलली गेली आहे किंवा पाइपात पाणी आहे. वायर ओढून काढा, तिच्यावर हात फिरवून ओरखडा शोधा. मग वीज चालू करून मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल सुमारे २३० यावेत, फेज-अर्थ जवळपास तेवढेच आणि न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्ट. फेज-अर्थ शंभरच्या आसपास तरंगत असेल, स्थिर राहत नसेल, तर हिरवी वायर कुठेतरी सुटलेली आहे. स्विच बंद करून फेजच्या भोकात शून्य येतंय का ते पाहा. तिथे २३० राहिले आणि डावीकडे काही आलं नाही, तर स्विच न्यूट्रलवर बसलाय. टीव्ही बंद दिसेल, पण सॉकेट जिवंत असेल. शेवटी आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतोय याची खात्री करा. ही जोडणी आणि तपासणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. झिरी आणि गिलावा गवंड्याकडून करून घेतला तरी चालतो.

एचडीएमआय आणि डिशची केबल या पाइपात घालू नका. त्यांचं आवरण २३० व्होल्टच्या वायरीशेजारी राहण्यासाठी बनवलेलं नसतं, आणि आत कुठे इन्सुलेशन गेलं तर थेट वीज सेट टॉप बॉक्सच्या पत्र्यापर्यंत पोहोचते. त्यांच्यासाठी दुसरा पाइप हवा, आणि तो मोठा हवा. एचडीएमआयचं डोकं सुमारे २० मिमी रुंद असतं. २५ मिमी पाइपाचं आतलं माप त्याहून जेमतेम जास्त भरतं, त्यामुळे केबल अडकते, आणि ओढाओढीत डोकंच तुटतं. पण ४० मिमीचा पाइप झिरीत घातला तर वरच्या १५ मिमी आवरणासकट ५५ मिमी खोली लागते. तुमच्या भिंतीची ५० ची मर्यादा तिथे ओलांडते. त्यामुळे तुमच्यासाठी बरं हे, की सेट टॉप बॉक्सची केबल टीव्हीमागून खाली एका रंगवलेल्या केसिंग पट्टीतून न्या. ती ३८० मिमीची पट्टी, भिंतीच्या रंगाची, बोर्डाच्या बरोबर वर लावली की नजरेत येत नाही. लावताना खिळे मात्र पाइपाच्या रेषेवर मारू नका, दुतर्फा चिकटपट्टी वापरा.

पाइपाची दोन्ही तोंडं बॉक्समध्ये उघडी असतात. वायर ओढून झाल्यावर ती सिलिकॉनने किंवा पुट्टीने बंद करा. टीव्हीमागची उबदार जागा मुंग्या, झुरळं आणि पालींना आवडते, आणि सॉकेटच्या टर्मिनलमध्ये अडकलेली पाल आरसीसीबी पाडते, तेही नेमकं रात्री.

टीव्ही लावताना प्लग आधी घाला, वायरीला खाली एक सैल वळण द्या आणि मग टीव्ही ब्रॅकेटवर टाका. खालची कड भिंतीकडे ढकलली की टीव्ही सहज मागे गेला पाहिजे. स्प्रिंगसारखा परत येत असेल तर प्लग अजून अडतोय, उतरवून पुन्हा मोजा, दाबून बसवू नका. आठवडाभराने टीव्ही दोन तास चालल्यावर एकदा स्विच बंद करून टीव्ही उतरवा आणि लगेच प्लगचं बूड चाचपा. अर्ध्या अ‍ॅम्पिअरला ते गार किंवा भिंतीइतकंच कोमट असायला हवं. हाताला गरम लागलं तर मुख्य स्विच बंद करून सॉकेटचा स्क्रू तपासा, कारण एवढ्या कमी प्रवाहाला उष्णता येते ती ढिल्या जोडातूनच.